इंटर्नल स्टँडर्ड घालूनही रेशो हलतोय? जीसीवर काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

ही तक्रार पुन्हा पुन्हा येते: "आम्ही इंटर्नल स्टँडर्ड वापरतो, म्हणजे इंजेक्शन कमी-जास्त झालं तरी चालायला हवं. मग एकाच व्हायलमधून पाच इंजेक्शन मारली की पाच वेगळी उत्तरं का?" इंटर्नल स्टँडर्ड म्हणजे सॅम्पलमध्ये मोजून घातलेला ओळखीचा पदार्थ, आणि रेशो म्हणजे घटकाच्या पीकचा एरिया भागिले त्या पदार्थाच्या पीकचा एरिया. खाली मी जे लिहितोय ते मुख्यतः फॅटी अ‍ॅसिडच्या मिथाइल एस्टरांबद्दल आहे: जीसी, स्प्लिट इंजेक्शन, एफआयडी डिटेक्टर, हेप्टेनमधलं सॅम्पल, हाताने मारलेलं १ मायक्रोलिटर. या कामात हा बिघाड मी सतत दुरुस्त करत आलोय. बाकी पद्धतींनाही हाच विचार लागू पडतो.

आधी लक्षणं

आपल्याला नेमकं काय दिसतंय ते ठरवा, कारण इथे चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जातात.

- दोन्ही पीकचे एरिया एकत्र वर-खाली होतात, पण रेशो जागचा हलत नाही. हा बिघाड नाही. पद्धत आपलं काम करतेय, काहीही दुरुस्त करायला जाऊ नका.
- इंटर्नल स्टँडर्डचा एरिया बऱ्यापैकी स्थिर, पण घटकाचा एरिया उड्या मारतो आणि त्याबरोबर रेशोही.
- एका व्हायलमधून पाच वेळा मारलं तर रेशो उत्तम, पण त्याच सॅम्पलच्या पाच व्हायल बनवल्या की विखुरतो.
- रेशो विखुरत नाही, पण रोज थोडा थोडा एकाच दिशेने सरकतो.

हे जुळतं कसं

पीकचा एरिया डिटेक्टरपर्यंत पोचलेल्या पदार्थाच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असतो. ते वस्तुमान म्हणजे द्रावणाची तीव्रता गुणिले आत गेलेला आकारमान. घटक आणि इंटर्नल स्टँडर्ड एकाच द्रावणात असले तर दोघांसाठी हा आकारमान एकच असतो, आणि भागाकारात तो कटतो:

```
A_a / A_is = (k_a · C_a · V) / (k_is · C_is · V)
RF   = (A_a / A_is) × (m_is / m_a)      (स्टँडर्डवरून)
m_a  = (A_a / A_is) × m_is / RF         (सॅम्पलसाठी)
```

इथे A म्हणजे एरिया, C तीव्रता, V आकारमान, m वस्तुमान, k डिटेक्टरचा प्रतिसाद, आणि RF म्हणजे दोघांच्या प्रतिसादाचं गुणोत्तर. V वर आणि खाली तोच आहे, म्हणून जातो. आख्खी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. याचा अर्थ असा की किती गेलं यातला फरक पुसला जातो, पण काय गेलं यातला नाही. सुईतून बाहेर पडताना, इंजेक्टरमधल्या काचेच्या नळीत, म्हणजे लायनरमध्ये, वाफ होताना किंवा स्प्लिटवर वाटणी होताना दोन पदार्थांना वेगवेगळी वागणूक मिळाली, तर वरचा V आणि खालचा V एक राहत नाहीत आणि काहीही कटत नाही. पुढच्या तपासण्यांत आपण हेच शोधणार आहोत: दोघांचा रस्ता कुठे वेगळा होतो?

पहिली तपासणी: हातात असलेले एरिया शेजारी शेजारी लिहा

याला खर्च शून्य. बहुतेक जण रिपोर्टमधला शेवटचा आकडा बघतात आणि एरियाचा रकाना उघडतच नाहीत. तो उघडा. खाली मिथाइल स्टिअरेटची एका व्हायलमधली पाच इंजेक्शनं आहेत, इंटर्नल स्टँडर्ड मिथाइल हेप्टाडेकॅनोएट, म्हणजे एक कार्बन कमी असलेला त्याचाच भाऊबंद:

| इंजेक्शन | स्टिअरेट | इं. स्टँ. | रेशो |
|---|---|---|---|
| १ | १८२४० | २०११० | ०.९०७ |
| २ | १६८९० | १८५९० | ०.९०९ |
| ३ | १९७२० | २१७९० | ०.९०५ |
| ४ | १७५१० | १९३३० | ०.९०६ |
| ५ | १८९६० | २०८६० | ०.९०९ |

स्टिअरेटच्या एरियाचा आरएसडी, म्हणजे सरासरीच्या टक्क्यांत मोजलेलं प्रमाण विचलन, ६.२ टक्के आहे, इंटर्नल स्टँडर्डचाही ६.२. नुसत्या एरियावर उत्तर काढलं असतं तर ते फेकून द्यावं लागलं असतं. रेशोचा आरएसडी मात्र ०.२ टक्के. व्हायलमध्ये इंटर्नल स्टँडर्ड २.००० मिलिग्रॅम आणि RF १.००७ असेल, तर स्टिअरेट ०.९०७ × २.००० ÷ १.००७, म्हणजे १.८०१ मिलिग्रॅम. हात पाच वेळा वेगवेगळा पडला, उत्तर एकच आलं.

आता तेच काम, त्याच हाताने, पण इंटर्नल स्टँडर्ड म्हणून एन-डेकेन:

| इंजेक्शन | स्टिअरेट | डेकेन | रेशो |
|---|---|---|---|
| १ | १८३१० | २१४०० | ०.८५६ |
| २ | १६२४० | २०९५० | ०.७७५ |
| ३ | १९०८० | २१७६० | ०.८७७ |
| ४ | १७०२० | २११८० | ०.८०४ |
| ५ | १५८९० | २१०२० | ०.७५६ |

डेकेन दीड टक्क्यात स्थिर आहे, स्टिअरेट जवळजवळ आठ टक्के हलतंय, आणि रेशो ६.३ टक्के. एकाच व्हायलचं सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान उत्तर यांत १५ टक्क्यांचं अंतर आहे. दोघं वर-खाली एकाच दिशेने जातात, पण पावलं सारखी पडत नाहीत. हा तक्ता दिसला की समजायचं, आकारमान हा प्रश्न नाही. डेकेन प्रत्येक वेळी जवळजवळ पूर्ण पोचतंय, स्टिअरेट वाटेत कुठेतरी मागे राहतंय. कुठे, ते पाचव्या तपासणीत येईल.

तिसरीही एक शक्यता असते: दोन्ही एरिया हलतात, पण एकमेकांशी काही संबंध न ठेवता. मग भागाकाराने नुकसानच होतं. दोघांचा आरएसडी प्रत्येकी १ टक्का आणि स्वतंत्र असेल, तर रेशोचा १.४ टक्के होतो. चांगला ऑटोसॅम्पलर असलेल्या ठिकाणी कधी कधी असं दिसतं: इंजेक्शन इतकं नेमकं पडतं की पुसायला फारसं काही उरत नाही, आणि इंटर्नल स्टँडर्डच्या छोट्या, गोंगाटी पीकचा स्वतःचा विखुरलेपणा उत्तरात शिरतो. अशा वेळी इंटर्नल स्टँडर्डची तीव्रता वाढवून त्याचं पीक घटकाच्या पीकच्या जवळपास आणा.

दुसरी तपासणी: इंटिग्रेशन

हीसुद्धा फुकट. पाचही क्रोमॅटोग्राम एकावर एक ठेवा आणि बेसलाइनपर्यंत मोठे करून बघा. पीकची सुरुवात आणि शेवट प्रत्येक वेळी त्याच जागी कापला जातोय का? सी-१८ च्या भागात ओलिएट आणि स्टिअरेट शेजारी असतात. त्यांच्यातली दरी पूर्ण खाली येत नसेल, तर सॉफ्टवेअर एकदा उभी रेघ मारतं आणि एकदा तिरकी. तेवढ्याने स्टिअरेटचा एरिया दोन-तीन टक्के सहज बदलतो आणि इंजेक्शनवर नाहक आळ येतो. सगळ्या रनना एकच इंटिग्रेशन पद्धत लावून पुन्हा मोजा. आपल्याला हवा तो रेशो येईपर्यंत एकेक रन हाताने कापत बसू नका. ती दुरुस्ती नव्हे, आकड्यांशी केलेली फसवणूक आहे.

तिसरी तपासणी: एक व्हायल पाच वेळा, पाच व्हायली एकेकदा

अर्ध्या दिवसाचं काम, पण इतकं सांगून जाणारी दुसरी चाचणी नाही. एकाच व्हायलमधून पाच इंजेक्शन, मग त्याच सॅम्पलच्या स्वतंत्रपणे बनवलेल्या पाच व्हायलींतून प्रत्येकी एक.

पहिला संच घट्ट आणि दुसरा सैल आला, तर यंत्राला हात लावू नका. दोष इंटर्नल स्टँडर्ड घालण्यात आहे. इंजेक्शनचा आकारमान सूत्रातून कटतो, पण m_is कटत नाही. तो उत्तराला थेट गुणतो. १ मिलिलिटरऐवजी ०.९८ पडलं, तर इंटर्नल स्टँडर्डचं पीक दोन टक्के लहान होतं आणि उत्तर दोन टक्के जास्त येतं. या पद्धतीने सिरिंजवरचा भरवसा काढून पिपेटवर ठेवलाय, हे नवशिक्यांना कोणी सांगत नाही. हेप्टेन किंवा हेक्झेनसारखं सॉल्व्हंट एअर-डिस्प्लेसमेंट मायक्रोपिपेटने घेतलं की टिपमधून ठिबकतं, कारण वाफ वरच्या हवेचा दाब बदलते. काचेची पिपेट किंवा पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट पिपेट घ्या. सर्वांत खात्रीचं म्हणजे घातलेलं द्रावण तराजूवर तोलून घ्या.

रोज एका दिशेने सरकणाऱ्या रेशोचं उत्तरही बहुतेकदा इथेच मिळतं. सॅम्पलच्या व्हायलमधून सॉल्व्हंट उडालं तर घटक आणि इंटर्नल स्टँडर्ड दोघेही सारखेच तीव्र होतात, रेशो तसाच राहतो. पण इंटर्नल स्टँडर्डच्या साठवणीच्या बाटलीतून सॉल्व्हंट उडालं, तर त्याच १ मिलिलिटरमध्ये रोज थोडं जास्त इंटर्नल स्टँडर्ड जातं आणि घटकाचं उत्तर रोज थोडं खाली येतं. बाटली भरल्यावर तिचं वजन करून झाकणावर लिहा, आणि दर वेळी उघडण्याआधी आणि वापरानंतर पुन्हा करा. कालच्या वापरानंतरचं आणि आज उघडण्याआधीचं वजन जुळलं नाही, तर चोर सापडला.

चौथी तपासणी: इंटर्नल स्टँडर्ड न घातलेलं सॅम्पल

सॅम्पल नेहमीसारखं तयार करा, फक्त इंटर्नल स्टँडर्ड घालू नका, आणि त्याच्या वेळेवर पीक येतं का बघा. ही पायरी लोक हमखास गाळतात. मिथाइल हेप्टाडेकॅनोएट वनस्पती तेलांसाठी चांगलं चालतं, कारण त्यांत १७ कार्बनचं आम्ल नगण्य असतं. पण दुधाच्या चरबीत, एकूणच रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या चरबीत, ते मुळातच थोडं असतं. न घातलेल्या सॅम्पलमध्ये त्या जागी ३०० चा एरिया आला आणि घातलेल्या इंटर्नल स्टँडर्डचा एरिया २०००० असेल, तर प्रत्येक उत्तर दीड टक्का कमी येतंय. त्यात विखुरलेपणा नसतो, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. सॅम्पलागणिक ते प्रमाण बदललं की मात्र विखुरलेपणाही दिसू लागतो. उपाय एकच: त्या सॅम्पलमध्ये नसणारं दुसरं इंटर्नल स्टँडर्ड निवडा.

पाचवी तपासणी: आकारमान मुद्दाम बदला

०.५, १.० आणि १.५ मायक्रोलिटर, प्रत्येकी तीन वेळा. पद्धत खरोखर आकारमान पुसत असेल तर तिन्हींचा रेशो एकच यायला हवा. दावाच तो आहे, मग त्याची थेट परीक्षा घ्यायची.

जास्त आकारमानाला रेशो एका दिशेने वाकत गेला, तर दोनपैकी मोठं पीक मर्यादेबाहेर जातंय का ते बघा. एफआयडीची रेषीय मर्यादा प्रचंड मोठी असते, त्यामुळे तिथे बहुधा सिग्नलची रेंज भरते आणि पीकचा माथा सपाट कापलेला दिसतो. एचपीएलसीत यूव्ही डिटेक्टर असेल तर हा दोष फार लवकर गाठतो. कमी आकारमानाला रेशो बिघडत असेल, तर आकारमानाबरोबर न वाढणारं काहीतरी पीकखाली आहे, उदाहरणार्थ सेप्टममधून सुटणारी घाण. सॅम्पलमधलीच अशुद्धता मात्र आकारमानाबरोबर वाढते, म्हणून ती या चाचणीत सापडत नाही. त्यासाठीच चौथी तपासणी आधी करायची.

आणि १.५ ला अचानक सगळंच विस्कटलं, तर वाफ लायनरमध्ये मावत नाहीये. २५० अंश सेल्सिअसला आणि नेहमीच्या हेड प्रेशरला १ मायक्रोलिटर हेप्टेनची वाफ पाव मिलिलिटरपेक्षाही कमी होते, पण तेवढ्याच मिथेनॉलची सुमारे ०.६ मिलिलिटर, आणि पाण्याची १ मिलिलिटरच्याही वर. रुंद लायनरची जागा मिलिलिटरच्या आतबाहेर असते. म्हणून सॉल्व्हंट बदललं की ही चाचणी नव्याने करायची.

या चाचणीत तिन्ही आकारमानांना रेशो नुसताच विखुरलेला आला, म्हणजे डेकेनच्या तक्त्यासारखा, तर आता सुईकडे वळा. १० मायक्रोलिटरच्या सिरिंजच्या सुईतच पाऊण मायक्रोलिटरच्या आसपास द्रव मावतो. भरलेली सुई गरम इंजेक्टरमध्ये शिरली की तो द्रव तिथेच उकळायला लागतो: सॉल्व्हंट आणि डेकेन वाफ होऊन पुढे जातात, स्टिअरेटसारखा जड एस्टर सुईच्या आतल्या भिंतीला चिकटून राहतो आणि सुईबरोबरच बाहेर येतो. किती राहील हे सुई आत किती वेळ होती यावर ठरतं, आणि हाताने मारताना तो वेळ दर वेळी वेगळा. हेप्टाडेकॅनोएट जवळजवळ तेवढंच जड असल्याने तेही त्याच प्रमाणात मागे राहतं. पहिल्या तक्त्याचं रहस्य एवढंच.

हात सुधारायचा असेल तर असं करा: सॅम्पल घेतल्यावर प्लंजर मागे ओढून सगळा द्रव सिरिंजच्या काचेच्या नळीत आणा, सुईत फक्त हवा राहू द्या. सुई आत घाला, तीन ते पाच सेकंद तापू द्या, मग प्लंजर एका झटक्यात दाबा आणि सुई लगेच बाहेर काढा. थांबायचा वेळ मनात मोजून दर वेळी तोच ठेवा. द्रवाच्या मागे थोडं शुद्ध सॉल्व्हंट आणि मध्ये हवेचा बुडबुडा ठेवला तर सुई धुऊनही निघते. ऑटोसॅम्पलर याच्या उलट मार्गाने तेच साधतो. तो इतक्या वेगाने आत-बाहेर करतो की सुईला तापायला वेळच मिळत नाही.

सहावी तपासणी: सेप्टम, लायनर, ग्लासवूल

इथून पुढे पैसे आणि इंजेक्टर थंड व्हायचा वेळ लागतो, म्हणून हे इतक्या उशिरा. सेप्टम गळत असेल तर दोन्ही एरिया कमी होतात. गळती वाफ होतानाच होत असल्याने हलकं आणि जड सारखं गळेलच असं नाही, म्हणून रेशो वाचेल यावर विसंबू नका. सेप्टम बदलणं सर्वांत स्वस्त, ते आधी करा. लायनर काढून बघा: काळपट डाग, सेप्टमचे कण, जागेवरून सरकलेलं ग्लासवूल. वूल नसेल तर द्रवाचे थेंब वाफ न होताच स्प्लिटच्या तोंडापाशी पोचतात आणि जड पदार्थांची वाटणी दर वेळी वेगळी होते. निष्क्रिय केलेलं ग्लासवूल असलेला नवा लायनर बसवा आणि पहिल्या तपासणीची पाच इंजेक्शनं पुन्हा मारा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

सातवी: इंटर्नल स्टँडर्डच बदलणं

घटकाच्या जातीचं, त्याच्या जवळच्या उत्कलनबिंदूचं, वेगळं सुटणारं आणि सॅम्पलमध्ये नसलेलं. सोबत ते कुठे घालायचं हेही ठरवा, कारण घालण्याच्या आधी झालेला तोटा त्याला माहीतच नसतो. मिथाइल हेप्टाडेकॅनोएट मिथिलेशननंतर घातलं तर ते इंजेक्शनचा फरक पुसेल, अर्धवट राहिलेलं मिथिलेशन मात्र झाकलेलंच राहील. तोही हिशोबात घ्यायचा असेल, तर त्याच आम्लाचं ट्रायग्लिसराइड, म्हणजे ट्रायहेप्टाडेकॅनोइन, तेलातच सुरुवातीला घालावं लागतं.

कुठे थांबायचं

पद्धत व्हॅलिडेट केलेली असेल, तर इंटर्नल स्टँडर्ड, लायनरचा प्रकार किंवा स्प्लिट स्वतःच्या अखत्यारीत बदलू नका. सहाव्या तपासणीपर्यंतची नोंद घेऊन पद्धतीच्या जबाबदार माणसाकडे जा. नवं इंटर्नल स्टँडर्ड म्हणजे नवा RF आणि नव्याने पडताळणी.

नवा सेप्टम, नवा लायनर, जवळचं इंटर्नल स्टँडर्ड आणि एकच व्हायल असूनही रेशोचा आरएसडी दोन टक्क्यांच्या खाली येत नसेल, तर सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. आता उरतात स्प्लिटचा झडप-नियंत्रक, फ्लोचा सेन्सर आणि डिटेक्टरचा इलेक्ट्रोमीटर, आणि ही उघडून बघायची ठिकाणं नव्हेत. बोलावताना दोन्ही तक्ते आणि तीन आकारमानांचे रेशो हातात ठेवा. त्यावरून इंजेक्टर की डिटेक्टर हे ते आल्या आल्या ठरवू शकतात.

एफआयडीची ज्योत वारंवार विझत असेल किंवा हायड्रोजनच्या जोडणीवर गळतीची शंका असेल, तर इतक्या तपासण्यांची वाट बघू नका. हायड्रोजन सिलिंडरपाशीच बंद करा, ओव्हन थंड होऊ द्या आणि त्याच वेळी फोन करा.

आणि रेशो उत्तम असला तरी इंटर्नल स्टँडर्डचा एरिया रोज नोंदवत राहा. तो नेहमीच्या निम्म्यावर आला असेल, तर रेशो बरोबर दिसेलही, पण सुई अर्धी बुजलेली आहे किंवा सेप्टम गेलाय, आणि पुढच्या आठवड्यात रेशोही जाणार आहे.